एक वाजताचं रीडिंग

मंगळवार, सकाळ

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुमचा खोकला आता कमी असेल. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. बाबा म्हणाले, "मॅडमना लिहायचंय तर अर्जासारखं लिही, पाल्हाळ नको." तीन वेळा अर्ज करायला बसले, तिन्ही वेळा पहिल्या ओळीतच तो रुसून बसला. म्हणून पत्र लिहिते आहे. पाल्हाळ झालं तर सोडून द्या.

विषय आमच्या प्रकल्पाच्या गुणांचा आहे: "ओला टॉवेल वाळताना काय होतं?" मला वीसपैकी सोळा आणि माझ्या जोडीदारणीला वीसपैकी पाच. तुम्ही तिला वर्गात "बटण" म्हणता तसं मीही म्हणते, कारण तिच्या आईच्या लॉन्ड्रीत तुटलेली बटणं लावायचं काम तिचं आहे. रीडिंग तिने घ्यायची आणि आलेख काढून लिहायचं मी, असं आम्ही पहिल्या पानावरच लिहिलं होतं. त्यामुळे तुमचा शेरा तिच्या वाट्याला गेला: "वाळताना कापडाचं वजन वाढतं का? आकडे बनवलेले आहेत."

मॅडम, आकडे बनवलेले नाहीत. आलेख उलटा वाचला गेला आहे. आणि तो उलटा वाचला जावा याची सोय मीच करून ठेवली होती.

आमच्या आलेखाला दोन उभे अक्ष आहेत. डावीकडे वजन, शून्यापासून चारशे ग्रॅमपर्यंत, एका मोठ्या चौकोनाला चाळीस ग्रॅम. उजवीकडे तापमान, वीसपासून तीस अंशांपर्यंत, एका चौकोनाला एक अंश. वजनाची रेषा लाल, तापमानाची निळी. कोपऱ्यात मी ऐटीत लिहिलं, "लाल: वजन, निळी: तापमान". मूळ फाइल दुसऱ्या परीक्षकांकडे गेली आणि तुमच्या हाती आली ती काळीपांढरी झेरॉक्स. तिच्यात लाल आणि निळी दोन्ही एकाच करड्या रंगाच्या झाल्या. रेषांवर नाव नाही, एकीला गोल ठिपके आणि दुसरीला फुल्या असंही नाही. मला रंगीत पेनांचा सोस.

मी झेरॉक्स मागून घेतली आणि तुम्ही वाचलीत तशी वाचून पाहिली. खालची सपाट रेषा डाव्या अक्षावर धरली तर टॉवेल दोनशे ऐंशी ग्रॅमवरून ऐंशीवर येतो, दीड-दोन तास तिथेच बसून राहतो आणि मग फुगत फुगत तीनशे साठ ग्रॅम होतो. असा टॉवेल मीसुद्धा नापास केला असता.

पण ती रेषा तापमानाची आहे. दोन नंबरच्या चौकोनावर, म्हणजे बावीस अंशांवर ती सपाट आहे. खोलीत हवा एकोणतीस अंश होती. नळाचं पाणी सत्तावीस अंशांचं होतं, ते चाळीस मिनिटांत बावीसवर आलं आणि टॉवेल ओला होता तोवर तिथेच राहिलं, कारण पाण्याची वाफ होताना ती कापडातली उष्णता घेऊन जाते. हवेतून जेवढी उष्णता येते तेवढीच वाफेबरोबर निघून जाते. पुढे वरचं पाणी संपतं, धाग्यांच्या आतलं तेवढं उरतं, वाफ कमी होते आणि कापड हळूहळू खोलीएवढं गरम होतं. म्हणून शेवटी ती रेषा चढते. तुम्ही लाल शाईने त्या सपाट रेषेवरचे पाच ठिपके गोल केलेत. मॅडम, ते पाचही खरे आहेत.

वजन ती दुसरी, उतरणारी रेषा. सुरुवातीला ३२० ग्रॅम, मग दर वीस मिनिटांनी साधारण वीस ग्रॅम कमी: ३०१, २८०, २६१, २४०, २२१, २००, १८०. तिथपर्यंत पट्टी ठेवल्यासारखी सरळ. मग ती वाकते: १६७, आणि पुढे १५०, १४६, १४३, १४२. कोरडा टॉवेल १४० ग्रॅमचा. एक रेषा जिथे वाकते तिथेच दुसरी चढायला लागते. हे आम्हाला दिसलं तेव्हा बटण टाळी द्यायला धावली आणि टॉवेलच पाडणार होती.

ती रीडिंग कशी घेतली तेही सांगते. काकू म्हणजे तिची आई. काकूंच्या लॉन्ड्रीमागच्या खोलीत खिडक्या लावून, पंखा दोन नंबरवर ठेवून, त्यांचा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा टांगता काटा कडीला अडकवला. त्याला हँगर, हँगरला टॉवेल, टॉवेलच्या दुमडलेल्या कोपऱ्यात थर्मामीटर. हँगर आणि थर्मामीटरचं वजन आधीच वजा करून घेतलं. वाऱ्याने काटा हलतो, म्हणून दर वेळी पंखा बंद करायचा, दहापर्यंत मोजायचं आणि मगच आकडा लिहायचा. सकाळी दहापासून दोन वाजून वीस मिनिटांपर्यंत ती स्टुलावर बसून होती. जवळजवळ सगळी रीडिंग तिनेच घेतली.

तुमचा शेरा तिने घरी दाखवला. काकूंनी तो वाचून विचारलं, "आमच्या काट्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तू काय केलंस गं?" ती म्हणाली, "काही नाही." तेव्हापासून ती पुढच्या बाकावर बसते, एकटी.

प्रयोगशाळेच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी बारा गुण लागतात आणि यादी शनिवारी लागणार आहे. मला जायचं आहेच, पण तिने वर्षभर दुसरं काही मागितलेलं नाही. झेरॉक्स सोबत जोडली आहे, तिच्यावर मी पेन्सिलीने दोन्ही रेषांची नावं लिहिली आहेत. एकदा पुन्हा पाहाल का? आलेखातल्या घोळाचे गुण कापायचे तर माझे कापा.

तुमची आज्ञाधारक विद्यार्थिनी,
हजेरीपटावरचा एकोणीस नंबर

———

गुरुवार, शाळा सुटल्यावर

आदरणीय मॅडम,

नमस्कार. काल तुम्ही वर्गात जे केलंत ते आमच्या शाळेत कधी कुणी केलेलं मी पाहिलं नाही. घरी नॅपकिन वाळत घालून त्यात थर्मामीटर ठेवलात, तुमचाही नॅपकिन थंडच राहिला, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "चूक माझी. मी रेषांची अदलाबदल केली." बटणचे पाचाचे अठरा झाले. माझे सोळाचे चौदा झाले, रेषांना नावं न दिल्याबद्दल. ते अगदी बरोबर.

त्यानंतर तुम्ही तिची मूळ वही मागितलीत आणि आलेखाशेजारी फलकावर लावलीत. मग विचारलंत, "ही चौदाच्या चौदा रीडिंग काट्यावरचीच ना?" तुम्ही सहज विचारलंत. तिने आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "हो, मॅडम."

ते खोटं आहे. तेरा काट्यावरची आहेत.

परवाच्या पत्रात मी वजनं ओळीने लिहिली आणि १६७ नंतर "आणि पुढे १५०" म्हणून उडी मारली. तुमच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं होतं. मधलं एक वाजताचं होतं.

बारा चाळीसचं रीडिंग घेऊन बटण काकूंबरोबर जेवायला गेली. जाताना म्हणाली, "एकचं तेवढं घे. पंखा बंद, दहा मोज, मग आकडा." दिवसभरात तिने मला दिलेलं हे एकच काम. मी शेजारच्या खोलीत गोष्टीचं पुस्तक घेऊन बसले. खून कुणी केला ते पुढच्या पानावर कळणार होतं, मग त्याच्या पुढच्या. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा एक वाजून बारा मिनिटं झाली होती. एवढ्यात ती माझा डबा गरम करून घेऊन आली. "घेतलंस?" मी म्हटलं, "हो, चिठोऱ्यावर आहे, नंतर उतरवते." एक वीसचं रीडिंग होईपर्यंत मी ती ओळ कोरी ठेवली.

मग १५० आलं. १६७ आणि १५० यांच्या बरोबर मध्ये एकशे साडेअठ्ठावन्न येतं. पण रेषा वाकते आहे हे मला कळत होतं, म्हणून जरा खाली, १५७ लिहिलं. तापमान २४ आणि २७ च्या मध्ये साडेपंचवीस. आलेखावर तो ठिपका रेषेवर इतका नीट बसला की मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. तुम्ही पाच खरे ठिपके गोल केलेत आणि हा एक सोडून दिलात, कारण तो सगळ्यांत शहाणा दिसत होता.

त्याने निष्कर्ष बदलत नाही हे मला माहीत आहे. तो ठिपका काढला तरी रेषा तिथेच वाकते. हे कारण मी स्वतःला दोन आठवडे सांगितलं आणि ते खरंही आहे. पण तुम्ही "आकडे बनवलेले" लिहिलंत तेव्हा वर्गात आकडा बनवणारी एकच मुलगी होती, आणि ते वाक्य दुसरीच्या कागदावर पडलं. परवाचं पत्र लिहिताना मी तिच्यासाठी भांडते आहे असं मला वाटत होतं. मॅडम, मी स्वतःला झाकतही होते.

आज मधल्या सुट्टीत तिच्या बाकाशी गेले. विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

ती म्हणाली, "संध्याकाळी वही बंद करताना. बाकीच्या ओळी माझ्या शाईत, एकची तुझ्या. आणि चिठोरं कुठे होतं गं? मी टेबलाखालीसुद्धा शोधलं."

"मग बोलली का नाहीस? तुला पाच मिळाले तेव्हा तरी?"

"तुला सांगायचं असेल तर तू सांगशील म्हटलं." मग म्हणाली, "काल मात्र मला खोटं बोलावं लागलं. ते नाही आवडलं मला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. जिने वाऱ्याने काटा हलतो म्हणून तेरा वेळा पंखा बंद केला आणि तेरा वेळा दहापर्यंत मोजलं, तिच्या तोंडून मी एक खोटं वदवलं. मला फार लाज वाटते आहे.

म्हणून मागणं एवढंच आहे. तिचे अठरा तसेच राहू द्यात, तिची तेरा रीडिंग खरी आहेत. कालचं "हो" तिच्या नावावर धरू नका, ते माझ्यामुळे आहे. माझे गुण तुम्हाला योग्य वाटतील तेवढे कापा. बाराच्या खाली गेले तर यादीत माझं नाव नसेल, हे कळूनच लिहिते आहे. बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "या वेळी अर्ज कर म्हणणार नाही. पत्रच लिही."

आणि उद्या पहिल्या तासाला, सगळ्यांसमोर, फलकावरच्या आलेखातून तो ठिपका मला खोडू द्या, निळ्या रेषेवरचाही. वहीतल्या त्या ओळीत मी "रीडिंग घेतलं नाही" असं लिहीन आणि खाली सही करीन. तिथे रेषा तुटलेली दिसेल. दिसू दे.

चौदापैकी जिच्या वाट्याला एकच रीडिंग आलं होतं, ती
तुमची विद्यार्थिनी