आत्या, तो वर पाहतो!

प्रिय आत्या,

काल संध्याकाळच्या हॉकी मॅचबद्दल डायरी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत तुझं नाव आलं. मग म्हटलं, तुलाच लिहावं. तसंही हे सगळं तुलाच सांगायचं होतं ना?

बॉल बॉय म्हणून माझी निवड झाली तेव्हा तू आपल्या अख्ख्या मोहल्ल्यात, पुरानी बस्तीत, पेढे वाटलेस. आणि लगेच मला कामाला लावलंस! "पोट्ट्या, पेनल्टी कॉर्नरले बॉल ढकलणारा वर पाहते का, तेवढं जवळून पाहून मले सांगजो. टीव्हीवाले त्याचे डोळे काहून दाखवत नाहीत?" कॉलेजच्या टीममध्ये मागच्या रेषेवरून बॉल ढकलायचा तो पुश तूच करायचीस, आणि मान वर करतेस म्हणून सरांनी तुला बाहेर बसवलं. त्या एका गोष्टीवरून तू आयुष्यभर भांडलीस. अजून दोन महिने, कालच्या मॅचपर्यंत, थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं?

काल माझी जागा नेमकी गोलच्या बाजूला, मागच्या रेषेपाशी होती. मॅचआधी निळ्या टर्फवर पाणी मारलं तेव्हा माझे मोजेसुद्धा भिजले. काम सोपं वाटतं, पण कसलं सोपं! बॉल बाहेर गेला की हातातला दुसरा लगेच जवळच्या खेळाडूला द्यायचा, तोही सरपटत. आपला असो की पाहुणा, घाई सारखीच. टाळ्या वाजवायच्या नाहीत.

शेवटचा क्वार्टर, बरोबरी, आणि पाहुण्यांना पेनल्टी कॉर्नर. आपले पाच जण मास्क लावून गोलमध्ये उभे. पुश करणारा माझ्यापासून चार पावलांवर आला. रेषेवर बॉल ठेवला, एक पाय बाहेर. त्याचे डोळे दिसावेत म्हणून मी बसल्या जागी इतका वाकलो की माझ्या मांडीवरचा बॉल घरंगळत थेट आत!

शिट्टी वाजली. अंपायरनं सगळ्यांना थांबवलं. मागून आम्हा बॉल बॉईजवर लक्ष ठेवणारे भैया ओरडले, "बेटा, बॉल हाथ में रखते हैं, गोद में नहीं! अगली गलती पे बाहर!" माझे कान तापले. त्या खेळाडूनं मात्र स्टिकनं बॉल हळूच माझ्या पायाशी सोडला आणि तो पुन्हा वाकला.

आता मी बॉल छातीशी घट्ट धरला. आत्या, तो वर पाहतो! एकदाच, समोर बॉल अडवायला उभ्या असलेल्या साथीदाराकडे. मग मान खाली, आणि बॉल निघून गेला तरी नजर खालीच. तू चुकत नव्हतीस गं. फक्त तू दुसऱ्यांदाही पाहत असशील. खरं सांग, पाहायचीस ना?

गोल झाला. अख्खं स्टेडियम गप्प, आणि मला मेल्याला हसू आवरेना! बाहेर पडल्या पडल्या तुझा नंबर लावला. सवयच ती. तू गेल्यापासून तुझा फोन बाबांकडे असतो. त्यांचा आवाज ऐकून भानावर आलो आणि फोन ठेवून दिला. तुझी खूप आठवण येते गं.

रविवारी आमच्या ग्राउंडवर मी पुश मागून घेणार आहे. एकदा वर पाहीन, मग मान खाली. कोणी ओरडलंच, तर तुझं नाव सांगेन.

तुझाच पोट्टा,
चिनू