वाक्प्रचारांच्या वहीवरचं दुसरं नाव

अहो,

पुण्याच्या छापखान्याचं पत्र काल आलं, तुमच्याच नावावर. तुम्ही जाऊन आठ महिने झाले, हे त्यांना कोण कळवणार? कबूल केलेली वही अजून का आली नाही, आणि मुखपृष्ठावर कोणाचं नाव घालायचं, असं विचारलंय. हे दुसऱ्या कोणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

शाळेतून आलात की तुम्ही ओटीवर वही उघडायचात. मी शेजारी फणसाच्या आठळ्या सोलत असायची. इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "इंग्रज दुसऱ्याच्या कामात नाक घालतो."

"मग आम्ही काय मागे आहोत? आम्हीही खुपसतोच की."

नाक लगेच जुळलं. काणाडोळ्याला त्यांचा आंधळा डोळा मिळाला. कायद्याचे हात दोन्हीकडे लांबच निघाले. आपल्याकडे वरपर्यंत ओळख असलेल्याचेही हात लांब असतात, हे मी सांगितलं ते तुम्ही समासात लिहून घेतलंत.

त्यांचं पाय ओढणं मात्र तुम्ही आपल्या पाय ओढण्यासमोर मांडलंत. मी विचारलं, "ज्याचा ओढतात तो हसतो की पडतो?"

"हसतो."

"मग ती थट्टा झाली. आमच्या माहेरी, पालीत, पाय ओढला तर माणूस वर येत नाही हो."

तुम्ही ओळ खोडलीत. शब्दाला शब्द नको, प्रसंगाला प्रसंग जुळवायचा, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंत. मास्तरांची चूक मी काढली म्हणून किती मिरवले मी मनातल्या मनात!

मग आले इंग्रजांचे गार पाय. मी म्हटलं, "पाय गार पडले म्हणजे माणूस गेला. अभद्र बोलू नका." तुम्ही समजावलंत, कबूल करून ऐन वेळी भितो, त्याचे. हातपाय गळणं नव्हे, ते वाईट बातमीनं गळतात. मी म्हटलं, "मग पाय मागे घेणं." तुम्ही इतके खूश झालात की म्हणालात, "पुस्तकावर तुझंही नाव हवं." मी हो म्हटलं.

आणि टपालात टाकायच्या सकाळी मीच नको म्हटलं. शाळेतले मास्तर हसतील, सासरचे नाकं मुरडतील. तुम्ही पाकीट कपाटात ठेवलंत. रागावला का नाहीत? एकट्याच्या नावानं तरी पाठवायचंत.

शेवटी तुमचे पाय माझ्या मांडीवर होते. चोळत राहिले, ऊब येईना. तेव्हा ती सकाळ आठवली आणि माझी मलाच लाज वाटली.

अजून संध्याकाळी कान ओटीकडे लागतात. "तुमच्या पालीत काय म्हणतात गं?" असं आता कोणी विचारत नाही. फार आठवण येते हो.

उद्या वही मी स्वतः टपालात टाकीन. वर तुमचं नाव, खाली माझं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर तुमचं नाव मी ना तोंडानं घेतलं, ना हातानं लिहिलं. उद्या ठसठशीत लिहीन, आणि लिहिताना मोठ्यानं म्हणेन.

तुमची,
जानकी