काशम्मा हत्तुरे यांच्या हातांविषयी खरे काय ते

मी, काशम्मा, कैलासवासी शिवप्पा हत्तुरे यांची बायको, वय साठीच्या पुढे, धंदा भाकऱ्या करून विकणे, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. लेखनिकाने धंद्याच्या जागी "घरकाम" लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे मी कोणाच्या धाकाने करीत नाही. आमच्या घरात धाक असेल तर तो माझाच.

कलम पहिले. बाळीवेशीतले दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते एकुलता मुलगा चन्नवीर याला जायचे, असे सर्वांनी धरले होते. मीही धरले होते. ते का बदलले, हे लिहिणे भाग आहे.

चन्नवीर शाळेत मराठी शिकवतो. गेल्या गॅदरिंगला त्याने मला इरकल नेसवून पुढच्या खुर्चीत बसवले आणि आईच्या हातांवर स्वतःची कविता म्हटली. त्यात माझे हात कमळाच्या पाकळ्या होते. त्यांच्या स्पर्शाने त्याचे अश्रू पुसले जात. माझ्या मागे आमच्या गल्लीतली बसव्वा बसली होती. नळावरच्या भांडणात मी तिला एकदा ठेवून दिली होती. ती मोठ्याने म्हणाली, "कमळ व्हय? माझ्या गालाला इचारा की." सगळा हॉल हसला. चन्नवीरच्या हातातला कागद खाली पडला.

घरी आल्यावर मी विचारले, "चन्ना, ते हात कुणाचे होते?"

"तुझेच की, अव्वा."

"माझे असते तर मी ओळखले असते."

तेव्हा मी ठरवले की माझे हात जसे आहेत तसे जो लिहील त्याला घर. चन्नवीरने पुन्हा लिहिले. त्यात मी श्रमदेवता झाले. मी म्हटले, देवता झाले तर उद्या खानावळीच्या भाकऱ्या कोण थापणार? तो म्हणाला, "आईवर असंच लिहायचं असतं, अव्वा." मी त्याला चुलीपाशी बसवून बघायला लावले. धुराने डोळे चुरचुरले म्हणून तो ओसरीवर गेला आणि तिथून त्याने धुरावर कविता लिहिली.

माझी सून विजयमाला लसूण सोलत होती. ती वळसंगची, सातवी शिकलेली. ती म्हणाली, "मी लिहू का, अत्ते?" मी म्हटले, लिही, काय लिहितेस बघू. तिने एका दुपारी लिहिले, ते तिच्याच शब्दांत खाली उतरवले आहे.

"अत्तेंचे हात रुंद आणि खरखरीत आहेत. लुगड्याचा धागा त्यांत अडकतो. पहाटे उठून त्या पीठ चाळतात, काथवटीत घेऊन पाणी घालतात आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने रेटून रेटून मळतात. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा मळतात, कारण ज्वारीचे पीठ मळून ठेवले की भाकरी चिरते. पीठ जुने असेल तर आधणाचे पाणी लागते. दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, तिला चिकटपणाच नव्हता. अत्ते चटके सोसून उकळत्या पाण्यात पीठ मळायच्या आणि शिव्या द्यायच्या, सरकारपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना.

खाली पीठ भुरभुरून त्या उजव्या हाताने थापतात आणि डाव्याने कड सावरतात. भाकरी थापेसरशी फिरत जाते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात आणि पाणी सुकत आले की उलटतात. मग विस्तवापुढे उभी करून फुगवतात. कडक भाकरी करायची तर ती पातळ थापतात आणि भाजल्यावर मंद तव्यावर फडक्याने दाबत राहतात, ओल पार जाईपर्यंत. संध्याकाळी त्यांचा उजवा खांदा उचलत नाही. तेव्हा मला तेल चोळायला लावतात आणि मी चोळलेले त्यांना पटत नाही.

शेंगाची चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात. नंतर हात धुतात, पण तिखट जात नाही. त्याच बोटाने त्यांनी माझ्या नवऱ्याला लहानपणी काजळ घातले. तो रडला. रडला म्हणून त्याच हाताने त्याला मारले.

माझी पहिली भाकरी त्यांनी 'हा कुठला नकाशा' म्हणून गल्लीला दाखवली. बाळंतपणात मला चोळले ते मात्र फार चांगले चोळले, पण शेक इतका दिला की मी ओरडले. शेंगदाणे वाटताना त्यांची मूठ माझ्या माहेरच्यांना लहान होते. या हातांनी मला कधी जवळ घेतलेले नाही. मी वळसंगहून उशिरा आले की ताटात भाकरी झाकलेली असते. 'उरली होती,' म्हणतात. विकायच्या भाकऱ्यांतून एकही उरत नाही, हे मला ठाऊक आहे."

हे तिने मला वाचून दाखवले. मी म्हटले, "मुठीचं काढ."

"नाही काढणार, अत्ते."

"मग भाकरी उरल्याचं तरी काढ. लोक काय म्हणतील?"

"यातलं खोटं काय आहे तेवढं सांगा. तेवढंच काढते."

मी पुष्कळ शोधले. खोटे एकच सापडले. नकाशा मी गल्लीला नव्हे, फक्त बसव्वाला दाखवला होता. गल्लीला बसव्वाने दाखवला. ही दुरुस्ती इथे नोंदवावी.

चन्नवीर दोन वेळा जेवला नाही. तिसऱ्या वेळी पाटावर येऊन बसला आणि म्हणाला, "अव्वा, काजळाचं खरं हाय?"

"खरं."

"म्हणून मला चष्मा लागला की काय?"

चष्म्याचा दोष माझ्यावर घालू नये, हेही लिहावे.

कलम दुसरे. सबब हे घर माझ्यामागे सून विजयमाला हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. तिने ठेवून घेतल्यास चन्नवीरने तिथे राहावे. ठेवून घेईल असे वाटते. माणूस वाईट नाही, फक्त उपमा फार देतो.

कलम तिसरे. काथवट आणि तवा विजयमालाला. तिच्या भाकऱ्या आता गोल येतात. हे तिला मी तोंडाने सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. हे मृत्युपत्र उघडले की तिला कळेल.

कलम चौथे. उखळ-मुसळ चन्नवीरला. दर आठवड्याची चटणी त्याने कुटावी आणि नंतर स्वतःचे डोळे चोळू नयेत.

कलम पाचवे. नळावरचा माझा सकाळचा पहिला नंबर बसव्वाला. थप्पड परत घेता येत नाही, नंबर देता येतो.

कलम सहावे. माझ्यामागे होणाऱ्या शिवगणाराधनेच्या दिवशी जेवणाआधी विजयमालाचे लिखाण चन्नवीरने स्वतः, सर्वांसमोर, शिकवल्यासारखे खणखणीत वाचावे. मधे "माउली" किंवा "थोर" असा शब्द त्याने घुसवला तर शेजारचे रुद्रप्पा यांनी त्याला तिथेच थांबवून मागचे वाक्य पुन्हा वाचायला लावावे. रुद्रप्पांनी हे काम आनंदाने पत्करले आहे.

हे मला वाचून दाखवले. मी सांगितले तेच लिहिले आहे.

ठिकाण सोलापूर, तारीख ९ मार्च १९७६.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, काशम्मा शिवप्पा हत्तुरे.

साक्षीदार: रुद्रप्पा गुरुबसप्पा कोनापुरे, सिद्धाराम मल्लप्पा बिराजदार. विजयमाला हिला मिळकत मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.

लेखनिकाची टीप: पहिला ठसा नुसता डाग उमटला, कारण बाई भाकऱ्या अर्ध्यावर टाकून आल्या होत्या आणि अंगठ्यावर पीठ वाळले होते. बाहेर बसलेल्या सुनेने तांब्याभर पाणी आणून त्यांचा हात मांडीवर घेतला आणि नखाने खरडून स्वच्छ केला. बाई म्हणाल्या, "हळू, कातडं माझं आहे." सून म्हणाली, "हलू नका, अत्ते." बाई हलल्या नाहीत. दुसरा ठसा स्पष्ट आहे.