सिनेमात कापलेलं लग्न

लातूर, रविवार

आई, तुला अन् अण्णांना शिल्पाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. क्लासला पोरं एवढी वाढली की व्हरांड्यातही सतरंज्या टाकल्यात. अण्णांचा खोकला कसा आहे?

तू दिलेल्या भूकंपावरच्या कादंबरीचा सिनेमा काल आलोक सरांबरोबर पाहिला. ते आमच्याच क्लासला गणित शिकवतात. पुस्तकात रुख्मा मेलेल्या नवऱ्याच्या फोटोला हार घालते, ते मध्यावर. पुढं ती नोकरीला लागते, भांडते, हसते, दुसरं लग्न करते. सिनेमात हे पुढचं सगळं कापलं अन् हाराचा प्रसंग शेवटी नेला. पुस्तकात जगणं जिथून सुरू होतं, तिथंच सिनेमात ते संपलं. लोक रडत होते, मला मात्र लई राग आला.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "तुम्हाला कोणती रुख्मा पटली?"

"पुस्तकातली."

मग त्यांनी लग्नाचं विचारलं. मी हो म्हणाले, आई. भूकंपात हे गेल्यापासून मी एवढी हसले नव्हते.

अण्णांना तूच सांग, जेवण झाल्यावर. रागावतील का गं? दोघंही या. सर तुम्हाला घ्यायला स्टँडवर येणार म्हणतात.

तुझीच,
शिल्पा