एका पायाची ताई

नोएडा

विमलताई,

हे पत्र तुला पाठवणार नाही, कारण माझ्या नातीने तुला एकाच पायाची काढली आहे.

"माझी ताई लंगडीत अख्ख्या वर्गाला बाद करायची," असं मी सांगितलं. दिल्लीकडे वाढलेल्या लुंबिनीने लंगडीचा हिंदीतला, पायाने अधू असलेली, असा अर्थ घेतला आणि तुझा एक पाय गाळला! मग मी खेळाचे नियम सांगितले आणि तिच्या भावाने, सुगतने, पळणारी मुलं काढली.

निवृत्त झाले तरी बाईच मी, पण लाल पेन उचललं नाही. चित्रांचे फोटो पेन्सिलटूडी नावाच्या, चित्रं हलती करणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. मागचं चित्र फिकट दिसत राहतं, त्यावरून पुढचं जरासं हलवून काढायचं. आधी मी तुला नुसतीच वर सरकवली, तर तू लिफ्टसारखी चढलीस. पोरं हसून लोळली. मग कळलं, उडण्याआधी गुडघा वाकवायचा, हवेत सरळ करायचा, टेकताना पुन्हा वाकवायचा.

ऑपरेशननंतर तू गुडघा वाकवत नाहीस म्हणून मी फोनवर ओरडले होते. तेव्हापासून दोन महिने आपला अबोला.

शेवटी दुसरा पाय काढायला घेतला, तर लुंबिनी किंचाळली, "नको आजी! पाय टेकला तर मावशीआजी आउट ना!"

इथवर लिहून पत्र बाजूला ठेवलं आणि धीर करून व्हिडिओ तेवढा पाठवला. लगेच तुझा मेसेज आला: "पाय चुकलाय. मी डाव्यावर लंगडी घालायचे. गुडघा वाकायला लागलाय, येऊन दाखवते."

तुझ्याकडून नेहमी पहिली बाद होणारी,
कुंदा