मार्थाचं कॉफीचं दुकान

अल नस्र, दोहा
९ सप्टेंबर २०२२, संध्याकाळ

मार्थाचं दुकान जाणार. वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी मालकाला सगळी इमारत आठवड्याभरात रिकामी हवी आहे.

महिन्यापूर्वी भाषणांसाठी दोहाला आलो आणि तिच्या दुकानात शिरलो. ही बाई कोलंबियाची, म्हणून ऐटीत स्पॅनिश फेकलं, तेही फोनमध्ये डोकं घालून: "ओला, एक कॉफी."

"मी मशीन आहे का? बाहेर जा, परत या! आमच्याकडे आधी ‘बुएनास तार्देस’ म्हणून नमस्कार करतात, उत्तराची वाट बघतात, मग मागतात."

निमूट दाराबाहेर गेलो, परत आलो, म्हणालो, थांबलो. "बुएनास तार्देस. आ ला ओर्देन," ती हसली. म्हणजे, आता हुकूम करा. तेव्हापासून रोजची संध्याकाळ तिथेच.

आज मी उसळलो. "मालकाला जाब विचारतो!"

"आणि माझा व्हिसा? इथे तोही मालकाच्याच सहीवर चालतो, प्रोफेसर. गप्प बसा."

गप्प बसलो. मी! अन्याय दिसला की सभा पेटवणारा मी, कागदात कप गुंडाळत बसलो. ते तरी जमलं का? तिने माझे सगळे कप सोडवून पुन्हा गुंडाळले.