निरोपाच्या गाण्यांतून गाळलेलं एक

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळपासून फोनच. आधी तब्येत, मंग काम, ही आपली रीत. ट्रॅक्टरवाल्या सलीमभाईला साखरेचं विचारलं. "आप्पा, तुमच्याशी गोड बोलून बोलून वाढली." शांताबाईचे गुडघे पायरी चढू देत न्हाईत, जीभ मात्र माडीवर. गोदामातल्या भगवानच्या आईचा मोतीबिंदू निघाला. आता सुनेचे दोष बराबर दिसून राह्यलेत म्हणे. कपाशीत राबणाऱ्या रुक्मिणबाईला खोकला, जुनाच. काशिनाथला विचारलं तर, "मला काय धाड भरली? साठ भरले, तेवढंच."

काशिनाथ म्हणजे आमच्या बियाण्याच्या फार्मवरचा पाण्याचा माणूस. मोटर, व्हॉल्व्ह, दांड, सगळं त्याच्याकडं. महिनाअखेरीला रिटायर, मंग शहागडकडं गावी, भावाच्या मेंढरांत. मी मुकादमकीतून सुटलो त्याला दोन वर्षं झाली, तरी बोलायला मलाच बोलावतात. फार्मच्या साहेबांची कल्पना: प्रत्येकानं त्याच्यासाठी एक गाणं निवडायचं, का निवडलं ते एका वाक्यात सांगायचं. मी भाषण करून ती गाणी त्याच्या हवाली करायची. काशिनाथला पत्ता लागू द्यायचा न्हाई.

चौथी शिकलेल्या माणसाला एवढा मान! अंगावर मूठभर मांस चढलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
गाणी आली. सलीमभाईची कव्वाली, शांताबाईची गवळण, भगवानचं बँडवाल्यांचं नाचायचं. साहेबांची गझल, मला निम्मी कळली.

रुक्मिणबाईनं गाणं सांगितलं न्हाई, स्वतःच म्हणून पाठवलं. कपाशीच्या क्रॉसिंगला, म्हणजे संकराच्या कामाला, बाया म्हणायच्या ते. संध्याकाळी कळ्या सोलायच्या, सकाळी परागकण लावून दोरा बांधायचा, अन् गाणं चालूच. मधी शेरडू ओरडतं, मधी तिचा खोकला. शेवटी म्हणते, "आप्पा, गाणं कुठून येतंय यावरून काशिनाथभाऊला कळायचं आम्ही कोण्या ओळीत हाव. तिकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा. एक दिस बी आमच्या पायाखाली चिखल होऊ दिला न्हाई. एवढंच सांगा."

ऐकून डोळे भरले. हेच शेवटी ठेवायचं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
भाषण बसवून राह्यलोय. आधी वाटलं सगळी गाणी पूर्ण वाजवावी. घड्याळ लावून पाह्यलं, जेवणं थंड व्हायची. मंग ठरवलं: गाण्याआधी दोन वाक्यं, कोणाचं अन् का, मंग नुसता मुखडा, अन् आवाज हळूहळू उतरवायचा, एकदम तोडायचा न्हाई. दणक्याची मधी, हळवं शेवटी. कारण आधी सांगायचं, गाणं चालू असताना बोलायचं न्हाई. हॉलमधी नेटचा भरवसा न्हाई म्हणून सगळं पेनड्राइव्हवर. तोच शेवटी काशिनाथच्या हातात द्यायचा, पूर्ण गाण्यांसकट.

साहेबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "छान आहे आप्पा. फक्त हसतं-खेळतं ठेवा, जालन्याहून पाहुणे येणारेत."

रु. बाईचं काय करावं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आज सगळं एकामागं एक लावून ऐकलं. गझल संपते अन् लगेच रु. बाईचं शेरडू. मला पाहुण्यांची तोंडं दिसाय लागली. हसतील. तिला हसतील, असं मी मनाला सांगितलं. खरं तर मला हसतील, याचं भ्या.

काढलं. त्या जागी सिनेमातलं एक ठसक्याचं घातलं, त्यातबी बाया शेतातच आहेत. नाव तिचंच ठेवलं. तिला फोन करायचा होता, उद्यावर ढकलला.

२९ नोव्हेंबर, शनिवार
फोन केला न्हाई.

कार्यक्रम झाला. नारळ, शाल, फेटा. माझं भाषण. "काशिनाथनं आपल्याला पाणी दिलं, आपण त्याला सूर देऊ," म्हणालो, टाळ्या पडल्या. सलीमभाईच्या कव्वालीला तर साहेबांनी ठेका धरला. गाडी उताराला लागली अन् माझी जीभ सुटली. रु. बाईच्या नावावर म्हणालो, "आमच्या रुक्मिणबाई दिसतात साध्या, पण हौस पाहा! म्हणतात, काशिनाथभाऊ, जाता जाता एक ठुमका होऊन जाऊ द्या!" अन् ते गाणं.

हॉल हसला. पाहुणे हसले. ती खुर्चीतच होती. पदर ओढून घेतला अन् खाली बघत राह्यली. काशिनाथ हसला न्हाई, तिच्याकडं पाहून राह्यलता.

पेनड्राइव्ह देताना त्यानं हळूच विचारलं, "आप्पा, रुक्मिणबाई म्हणल्या असतील तर क्रॉसिंगचं म्हणल्या असतील. ते न्हाई का?"

माझ्या तोंडून निघालं, "तेच सांगितलं होतं तिनं. नेटवर सापडलं न्हाई."

ती मागंच उभी होती, हातात जेवणाचं ताट. ताट तिथंच ठेवून गेली.

३० नोव्हेंबर, रविवार
साहेबांचा मेसेज: भाषण एक नंबर. वाचवेना. बायको म्हणते जेवा. ताट झाकून ठेवलं. विधवा बाई, तीस वरसं खाली मान घालून काम केलं, अन् भर सभेत मी तिच्या तोंडी ठुमका घातला. का तर टाळी.

२ डिसेंबर, मंगळवार
रु. बाईच्या घरी गेल्तो. बसा म्हणाली, पाणी दिलं. हात जोडले तर म्हणते, "आप्पा, हात खाली घ्या, शेजारी बघतेत." दारातच टेकली. मंग, "माझा आवाज चांगला न्हाई, मला ठावं हाय. न्हाई लावायचं तर न्हाई लावायचं. पण ते म्या म्हणलं न्हाई ना हो. भाऊला काय वाटलं असंल?"

मी म्हणालो, तुमचं गाणं अजून फोनमधी आहे, आत्ताच्या आत्ता पाठवतो त्याला.

"बिलकुल न्हाई. गाणं पाठवून खोटं झाकतं का? आधी त्यांना खरं सांगा. मंग पाठवायचं का न्हाई ते माझं मी बघीन."

चहा मात्र केला. साखर जास्तीच होती. सगळा प्यालो.

४ डिसेंबर, गुरुवार
काशिनाथला फोन लावायला घेतला, दोनदा ठेवला. बोलायला गेलो की ही जीभ सारवासारव करील; तिला आता ओळखून आहे मी. म्हणून लिहिलं. कधी न्हाई ते खाडाखोड न करता लिहिलं. इथंबी उतरून ठेवतो, पुन्हा शहाणपण सुचलं तर वाचायला:

"काशिनाथराव, रामराम. गावी पोचलात, मेंढरं अन् मंडळी सुखरूप असतील. गाणं नेटवर सापडलं न्हाई, हे त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. रुक्मिणबाईंनी क्रॉसिंगचंच गाणं दिलं होतं, स्वतः म्हणून दिलं होतं. तुम्ही बायांच्या पायाखाली कधी चिखल होऊ दिला न्हाई, असं त्या म्हणाल्या होत्या. पाहुण्यांसमोर माझी शोभा होईल म्हणून मी ते काढलं. ठुमक्याचं त्यांनी म्हणलं न्हाई, ते माझ्या जिभेचं. गाणं त्यांच्या परवानगीशिवाय पाठवता येत न्हाई, अन् ती मागायचं तोंड मला न्हाई. राग आला असंल तर रागाचं लिहा, पण लवकर लिहा. मला न्हाई लिहिलं तरी चालंल. त्यांना लिहा."